ट्रस्टच्या रुग्णवाहिकेचा महिन्याचा खर्च कसा बसवायचा?

प्रश्न: आमच्या तालुक्याच्या ट्रस्टला एक डिझेल रुग्णवाहिका देणगीत मिळतेय. २४ तास सेवा द्यायचीय, गरिबांना भाडं माफ करायचंय. डिझेल, ड्रायव्हर, दुरुस्ती आणि माफी धरून महिन्याला किती लागेल?

उत्तर:

महिन्याला ३० फेऱ्या आणि जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत जाऊन-येऊन १२० किलोमीटर असं धरून मांडतो. तुमचे आकडे त्या जागी घाला.

डिझेलचा हिशेब रुग्ण गाडीत असतानाच्या अंतरावर करू नका, मीटरवर करा. परतीची रिकामी फेरी त्यातच येते. पंप, गॅरेज वगैरेचे १५० धरले की महिन्याचे ३,७५० किलोमीटर होतात. लिटरला १० किलोमीटर आणि ९२ रुपये भाव धरला तर ३७५ लिटर, म्हणजे ३४,५०० रुपये. सरासरी काढताना कंपनीचा आकडा घेऊ नका. दर वेळी टाकी फुल करा आणि मीटर पावतीवर लिहा. दोन फुल टाक्यांमधलं अंतर भागिले भरलेलं डिझेल, हीच खरी सरासरी. ती १० वरून ८ वर आली तर आधी टायरमधली हवा बघा, मग रुग्णालयाच्या दारात एसीसाठी इंजिन किती वेळ चालू राहतं ते विचारा. दोन्ही ठीक असेल तर डिझेल कुठे जातंय ते शोधा.

सगळ्यात मोठा खर्च मात्र ड्रायव्हरचा, आणि नेमका तोच कमी धरला जातो. आठवड्याचे तास १६८, एका माणसाचे ४८. तीन ड्रायव्हर ठेवले तरी २४ तास उरतात. तेवढ्यासाठी महिन्याला साधारण १३ पाळ्यांचा बदली ड्रायव्हर लागतो. १५,००० प्रमाणे तिघांचे ४५,००० आणि बदलीचे ६०० प्रमाणे ७,८००, एकूण ५२,८००. 'दोघंच आलटून पालटून करतील' हे कागदावर छान दिसतं. रात्रभर जागलेला माणूस सकाळी पुन्हा गाडी घेऊन निघतो, तेव्हा ते महागात पडतं.

टायर, ऑइल, ब्रेक, क्लच यांसाठी किलोमीटरमागे अडीच रुपये, म्हणजे ९,३७५, दर महिन्याला बाजूला काढा. बिल येवो न येवो, काढायचे. पहिलं वर्ष स्वस्त जातं आणि टायर सगळे एकदम संपतात. विमा, फिटनेस, बॅटरी यांचे महिन्याला ५,००० आणि ऑक्सिजन, चादरी, हातमोजे, जंतुनाशकाचे २,०००. ऑक्सिजनचा १० लिटरी 'बी' सिलिंडर पूर्ण भरला की त्यात सुमारे १,५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला ५ लिटर दिला तर पाच तास, १० दिला तर अडीच. म्हणून दुसरा भरलेला सिलिंडर गाडीत हवाच.

बेरीज १,०३,६७५. म्हणजे एका फेरीला सुमारे ३,४५६ रुपये.

आता माफी. किलोमीटरमागे २० रुपये भाडं ठेवलंत (आरटीओच्या ठरलेल्या दरापेक्षा जास्त घेता येत नाही, तो आधी बघा) तर फेरीला २,४०० मिळतील. ३० जणांनी पूर्ण भरले तरी ७२,०००. म्हणजे एकालाही माफी न देता ३१,६७५ ची तूट आहे. सहा फेऱ्या पूर्ण माफ आणि सहा निम्म्या केल्या तर आणखी २१,६०० जातील आणि तूट ५३,२७५ होईल. बैठकीत सगळं खापर माफीवर फुटतं, ते यासाठी सांगतोय. शिवाय गरिबाची फेरी नाकारली म्हणून २,४०० वाचत नाहीत. डिझेल, झीज आणि ऑक्सिजन मिळून सुमारे १,४७० च वाचतात. पगार आणि विमा गाडी उभी राहिली तरी द्यायचाच असतो.

माफी कमी घेतलेल्या भाड्यात विरघळू देऊ नका. पावतीवर तीन रकाने छापा: पूर्ण भाडं, माफी, मिळालेली रक्कम. मग वर्षाचे २,५९,२०० माफी निधी म्हणून वेगळे दिसतात आणि त्या नावाने देणगी मागता येते. पिवळं रेशनकार्ड असेल तर पूर्ण, केशरी असेल तर निम्मी, अपघातातला बेवारस रुग्ण मोफत, असा नियम आधीच लिहून ठेवा. माफीचा निर्णय ड्रायव्हरकडे देऊ नका. रात्री दोन वाजता घासाघीस होते, आणि कुठे कुठे 'माफी' लिहून पैसे खिशात जातात. रुग्ण आधी पोचवायचा, कार्ड दुसऱ्या दिवशी बघायचं. माफीच्या पावत्यांपैकी दोन-तीन घरी दर महिन्याला फोन करा.

वर्षाची तूट ६,३९,३००. ती ठेवीच्या व्याजातून भागवायची तर ७ टक्क्यांनी सुमारे ९१ लाखांची ठेव लागेल. तेवढी नसेल तर सुरुवातीला १२ तासांचीच सेवा ठेवा. आठवड्याचे ८४ तास दोन ड्रायव्हरांत बसतात आणि महिन्याला २२,८०० वाचतात. तातडीच्या रुग्णासाठी १०८ ची मोफत गाडी आहेच. डायलिसिसला नेणं, डिस्चार्जनंतर घरी सोडणं, एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवणं ही तुमची कामं बहुतेक दिवसाचीच असतील.