प्रवेशाचा मुहूर्त एक, जेवणाची वेळ दुसरी

माई, कळंबा रोडला आमच्या नव्या घराची घरभरणी आहे. गुरुजींनी प्रवेशाचा मुहूर्त सकाळी ७.४२ काढलाय. मामंजी म्हणतात, पत्रिकेत मुहूर्त तेवढाच घालायचा, जेवणाची वेळ छापणं बरं दिसत नाही. मला भीती वाटते की लोक आठलाच येऊन बसतील, नाहीतर कुणालाच काही कळायचं नाही. सांगू कसं त्यांना?
– कळंब्याची सून

तुझी भीती खरी आहे. मी ती माझ्या भावाच्या वास्तूला बघितलीय. पत्रिकेत ‘सकाळी ८ पासून’ एवढंच होतं. नऊ वाजता हॉलमध्ये साठ माणसं, खुर्च्या वीस. होम पेटला तसे गुरुजींनी पंखे बंद करायला लावले, धूर कोंडला आणि आमच्या म्हाताऱ्या आत्या पदर डोळ्यांना लावून जिन्यात जाऊन बसल्या. साडेअकराला निम्मी मंडळी ‘दुकान उघडायचंय’ म्हणत उठली. भाऊ-वहिनी पाटावर, त्यांना उठून थांबवताही येईना. संध्याकाळी मसालेभाताचं अर्धं पातेलं तसंच उरलं होतं.

तेव्हा आधी गुरुजींना फोन कर आणि एकच विचार: पूर्णाहुती किती वाजता? जेवणाची वेळ ७.४२ पासून पुढं मोजायची नसते, पूर्णाहुतीपासून मोजायची असते. प्रवेशाला अर्धा तास पुरतो: उंबरठ्याची पूजा, कलश घेऊन आत जाणं, दूध उतू घालणं. वेळ लागतो तो पुढच्या वास्तुशांतीला. गणपतीपूजन, पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, मग वास्तुमंडल आणि ग्रहांची मांडणी, मग होम, बलिदान आणि शेवटी पूर्णाहुती. तुमचे गुरुजी सव्वाबारा म्हणाले असं धरू. त्यानंतर आरती, नैवेद्य, गाईचा घास यात अर्धा तास जातो आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय पहिली पंगत बसत नाही. म्हणजे पाऊण वाजला. पत्रिकेत मात्र ‘दुपारी १ ते ३’ छाप. पूजा थोडी लांबली तरी पाहुणे ताटाची वाट बघत बसायचे नाहीत.

त्याच फोनवर सत्यनारायणाचंही विचारून घे. बहुतेक घोटाळा इथंच होतो. वास्तुशांती आटोपली की लगेच सत्यनारायण, म्हणजे आणखी दीड तास, आणि पंगत अडीचवर जाते. तो संध्याकाळी ठेवा. ज्यांना दुपारी कामावरून निघता येत नाही ते ६ ते ९ मध्ये तीर्थप्रसादाला येतील.

मुहूर्ताबद्दलही एक गोष्ट स्पष्ट करून घे: ७.४२ ही उंबरठा ओलांडायची वेळ आहे, की तिथून मुहूर्त सुरू होतो आणि पुढं काही मिनिटं चालतो? लग्नरास धरून काढलेला मुहूर्त असेल तर एक लग्नरास साधारण दोन तास चालते, त्यामुळं पुष्कळदा थोडी सवड असते. ती किती, हे गुरुजीच सांगतील. त्या वेळेला घरची आणि अगदी जवळची माणसं पुरेत. त्यांना पत्रिकेतून नको, फोन करून सांग, ‘सव्वासातला दारात हवं.’ ती मंडळी लवकर येणार, तेव्हा त्यांच्यासाठी पोहे-चहा शेजारच्या घरी सांगून ठेव. नव्या घरातली चूल त्या वेळी दुधाच्या भांड्यानं अडलेली असते.

आता मामंजी. त्यांच्याशी वाद घालू नकोस, कपाटातली एखादी जुनी लग्नपत्रिका त्यांच्यापुढं ठेव. तिच्यात अक्षतांचा मुहूर्त आणि भोजनाची वेळ दोन्ही असणार. मुहूर्त ठळक आणि सगळ्यात वर राहील, हे त्यांना आधी सांग. त्यांचा मान तिथं आहे आणि तो राखलाच पाहिजे. मजकूर असा कर:

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥
आमचे येथे श्रीकृपेकरून नूतन वास्तूची वास्तुशांती योजिली आहे.
गृहप्रवेश: सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी
वास्तुशांती व होम: सकाळी ८.३० पासून
पूर्णाहुती व आरती: दुपारी १२.१५
स्नेहभोजन: दुपारी १ ते ३
श्री सत्यनारायण तीर्थप्रसाद: सायंकाळी ६ ते ९
आपण सहकुटुंब, सहपरिवार यावे, ही विनंती.

वर तिथी, वार, तारीख आणि खाली पत्ता. पत्त्यात जवळची खूण घाल, नव्या वसाहतीत रिक्षावाल्यालाही घर सापडत नाही. ‘पूर्णाहुती’ची ओळ गाळू नकोस. ज्याला आरती गाठून जेवायचंय तो बाराला येतो, ज्याला नुसतं जेवायचंय तो एकला, आणि कुणाला विचारावं लागत नाही.

आचाऱ्याला मात्र एकची वेळ सांगू नकोस. नैवेद्याचं ताट त्याच्याकडून बाराला तयार पाहिजे, तेव्हा त्याला पावणेबारा सांग. आणि दारात स्वागताला दीर किंवा नणंद उभी कर. तुम्ही दोघं पाटावर असाल, पूर्णाहुती होईपर्यंत तुम्हाला उठता येणार नाही.

– माई