फारसी सीव्हीतले ‘राहनमा’ आणि ‘मोशावेर’

प्रश्न: इराणी प्राध्यापकांच्या सीव्हीत प्रबंधांपुढे ‘ओस्ताद-ए राहनमा’ आणि ‘ओस्ताद-ए मोशावेर’ आहे. इंग्रजी अनुवादात दोन्हींना ‘ॲडव्हायजर’ लिहू का?

नको. राहनमा म्हणजे मुख्य मार्गदर्शक, तो ‘सुपरवायझर’. मोशावेर जोडीचा सल्लागार. अमेरिकेत नुसतं ‘ॲडव्हायजर’ वाचलं की तोच मुख्य मार्गदर्शक वाटतो आणि दुसऱ्याचं काम सरांच्या नावावर चढतं. मोशावेरला मी ‘कन्सल्टिंग ॲडव्हायजर’ लिहिते, दोन्ही प्रकारच्या प्रबंधांच्या याद्याही वेगळ्या ठेवते.

त्याच याद्यांतली सालं नीट तपासा. इराणी वर्ष २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळे इसवी सन काढायला इराणी सालात नुसते ६२१ मिळवून भागत नाही. ‘बहमन १३९८’ असेल तर २०१९ नव्हे, २०२०. कारण बहमन जानेवारी-फेब्रुवारीत येतो. महिना दिलेलाच नसेल तर ‘२०१९–२०’ लिहा, किंवा सरांनाच विचारा.