सायलेंट फोनवर गजर आणि रिमाइंडर

प्रश्न: फोन सायलेंट असताना गजर वाजतो, मग रिमाइंडर का वाजत नाही? दाभोळहून पहिली फेरीबोट गाठायची आहे, काय लावू?

उत्तर: अँड्रॉइड फोनमध्ये गजराच्या आवाजाची पातळी रिंगटोन आणि सूचनांच्या पातळीपासून वेगळी ठेवलेली असते, सायलेंट केल्यावर रिंगटोन व सूचना गप्प होतात, आणि रिमाइंडर ही साधी सूचनाच असल्यामुळे तो पडद्यावर दिसतो, पण ऐकू येत नाही. म्हणून फेरीबोटीसाठी घड्याळाच्या अ‍ॅपमधला गजरच लावावा. मात्र झोपण्यापूर्वी सेटिंग्जमध्ये Alarm volume अगदी खाली गेलेला नाही ना, हे आवर्जून पाहावे, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असल्यास त्यात Alarms ला मुभा दिलेली असावी. धोपाव्याला उतरल्यावर कोणाला फोन करायचा असेल, तर त्यासाठी रिमाइंडर पुरेसा आहे, कारण तो थोडा उशिरा दिसला तरी चालतो.