रिझ्युमेचा स्कोअर नेमकं काय मोजतो?

"आयटीआय फिटर आहे, अप्रेंटिसशिप झाली. बुटीबोरीच्या कंपनीत अर्ज करायचा आहे. फुकटच्या साइटवर रिझ्युमे टाकला तर 100 पैकी 41 आले. कंपनी वाचणारच नाही का? पैसे भरून तिथूनच नवीन बनवून घेऊ का?"

पैसे भरू नका. तो 41 कंपनीपर्यंत जातच नाही. प्रत्येक साइटचं गणित आपापलं. हीच फाइल दुसरीकडे टाकली तर आकडा बदलेल. आणि कमी मार्क दाखवूनच तर पुढचं पॅकेज विकलं जातं.

आर्वीला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळे असे स्कोअर घेऊन पोरं नेहमीच येतात. एकाचा रिझ्युमे छापून छान दिसायचा, पण स्कोअर अगदीच कमी. कारण एवढंच की कागदाचा मोबाइलनं फोटो काढून त्याची पीडीएफ केली होती. साइटला त्यात एक अक्षरही सापडलं नाही. तुम्हीही तपासा: पीडीएफ उघडून Ctrl+A, Ctrl+C करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. काहीच आलं नाही, किंवा दोन रकान्यांतल्या ओळी एकमेकांत घुसल्या, तर वर्डमध्ये सरळ एका रकान्यात टाइप करा. स्कोअरचा खरा उपयोग इथपर्यंतच.

नंतर त्याच पोरानं रिझ्युमेशी जुळवून बघायला कंपनीची नोकरीची जाहिरात साइटवर टाकली. साइट म्हणाली, 'प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स' नाही. त्यानं 'मशीन सर्व्हिसिंग' लिहिलं होतं. ठरलेल्या वेळी ऑइल, ग्रीस, बेल्ट बघायचं काम तो अप्रेंटिसशिपमध्ये करतच होता, म्हणून जाहिरातीतला शब्द घातला. यात खोटं काही नाही. मग 'हायड्रॉलिक्स' आणि 'पीएलसी'ही घातले, आणि स्कोअर झपकन वर गेला. पीएलसीला त्यानं कधी हातही लावला नव्हता! साइट फक्त शब्द जुळवते, येतं की नाही हे तिला कसं कळणार? ते दोन्ही शब्द मी काढायला लावले. मुलाखतीत सुपरवायझर पहिला प्रश्न त्यावरच टाकतो. 'डायनॅमिक'सारखे शब्द नाहीत म्हणूनही मार्क कापले होते, ते सोडून द्या.

'आकडे लिहा' असंही साइट सांगते. म्हणून पोरं 'उत्पादन 30 टक्के वाढवलं' ठोकून देतात. अप्रेंटिसनं? फिटरचा आकडा वेगळा असतो: 0.02 मिमी लीस्ट काउंटच्या व्हर्नियरनं जॉब मोजले, असं लिहा. अर्थात खरंच मोजले असतील तर.

मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर असतं, पण तिथे एचआर बहुधा 'आयटीआय फिटर', अनुभव, गाव असं शोधून यादी काढतो. अर्ज थेट बाद होतो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांवर: ट्रेड कोणता, पास कधी झाला, शिफ्टला तयार आहे का. ही उत्तरं स्कोअरमध्ये कुठेच नसतात. छोट्या युनिटला तर व्हॉट्सअ‍ॅपवरच फाइल जाते आणि माणूसच ती उघडतो. त्याला ट्रेड, पासचं वर्ष आणि चालू मोबाइल नंबर पहिल्या पाच ओळींत दिसू द्या.