फर्स्ट इयरवाल्यांनो, फंडाचं नाव नंतर विचारा

परवा एकाने विचारलं, दादा कुठला म्युच्युअल फंड घेऊ? अरे थांब, आधी फळ्यावरचा हिशोब बघ.

समजा तू आत्ता १८ चा आहेस आणि वर्षाला १२ हजार टाकतोयस, म्हणजे महिन्याला हजारच, आणि १० वर्षांनी बंद केलंस. एकूण भरले १ लाख २० हजार. तुझा रूममेट २८ व्या वर्षी जागा झाला आणि ५८ पर्यंत तेवढेच भरत राहिला, त्याचे गेले ३ लाख ६० हजार. दोघांना वर्षाला १० टक्के धरले तर ५८ ला तुझे साधारण ३३ लाख होतात, त्याचे २० लाखांच्या आतच. कारण चक्रवाढीत दहा टक्क्याने पैसा सव्वासात वर्षांत दुप्पट होतो आणि तुझ्या पैशाला दुप्पट व्हायची किमान एक फेरी जास्त मिळाली, अन् शेवटची फेरीच सगळ्यात मोठी असते.

आता लगेच उड्या मारू नका. शेअर बाजारात १० टक्के कोणी लिहून देत नाही, एखाद्या वर्षी उणे पण जातं. आणि महागाई ६ टक्के धरली तर तेव्हाचे ३३ लाख म्हणजे आजचे सव्वातीन लाख फक्त. (इथे दरवर्षी हॉलमध्ये शांतता पसरते.)

सुरुवातीला हमखास होणाऱ्या दोन चुका:
- बाजार पडला की घाबरून काढून घेणं, किंवा मोबाईलसाठी मध्येच मोडणं.
- क्रेडिट कार्डचं बिल थकवून एसआयपी, म्हणजे फंडात दरमहा ठरावीक रक्कम टाकणं, चालू ठेवणं. कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला ५० च्या वर, तिथे हेच चक्रवाढ उलटं फिरतं. आधी ते फेडा.