अर्ध्या वाटेवरचा उतार: मध्यबिंदू पद्धतीवर वाचकांचे प्रश्न

मध्यबिंदू पद्धतीत पहिला उतार काढायचा, अर्ध्यावर जायचं, तिथे दुसरा उतार काढायचा आणि पायरी दुसऱ्याच उताराने टाकायची. मग पहिला काढलाच कशाला?

वाट शोधायला. समीकरण y' = f(t, y) आहे आणि पायरी h आहे, असं धरू. मग पूर्ण पद्धत तीन ओळींची:

```
k1 = f(t, y)
k2 = f(t + h/2, y + (h/2)*k1)
y  = y + h*k2
```

पूर्ण पायरीभर एकच उतार वापरायचा असेल, तर सुरुवातीच्या उतारापेक्षा मधला उतार बरा, हे चित्र काढलं की लगेच पटतं. अडचण एवढीच की मध्यावर y किती आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. k1 धरून अर्धी पायरी चाललो की त्याचा अंदाज मिळतो. हा अंदाज कच्चा असतो, त्यात h² एवढ्या मापाची चूक राहते. पण तो थेट उत्तरात जात नाही. तो f मध्ये जातो आणि f ला पुढे h ने गुणलं जातं, म्हणून उत्तरात पोहोचेपर्यंत ती चूक h³ ची झालेली असते. कच्च्या अंदाजावर भागतं ते यामुळे.

टेलर श्रेणीची पदं जुळवून ही पद्धत काढतात असं वर्गात सांगितलं, पण फळ्यावर थेट उत्तरच लिहिलं. मधल्या पायऱ्या दाखवाल का?

खऱ्या उत्तराची टेलर श्रेणी आधी लिहू. y' म्हणजे f. y'' काढताना मात्र f चं विकलन दोन वाटांनी होतं, कारण t बदलतो आणि त्याच्यासोबत y ही बदलतो. f चे आंशिक विकलज f_t आणि f_y असे लिहिले तर y'' = f_t + f·f_y. म्हणून

```
y(t+h) = y + h f + (h²/2)(f_t + f f_y) + ...
```

आता आपली पद्धत मोकळ्या सहगुणकांनी मांडू. दुसरा उतार नेमका कुठे घ्यायचा आणि दोन उतारांना किती वजन द्यायचं, हे अजून ठरवायचं नाही:

```
k2 = f(t + a h, y + b h k1)
y_new = y + h (w1 k1 + w2 k2)
```

k2 उलगडला की f + a h f_t + b h f f_y मिळतं, आणि पुढे h² ची पदं. हे खाली घातलं तर

```
y_new = y + (w1 + w2) h f + w2 h² (a f_t + b f f_y) + ...
```

दोन्ही श्रेणी शेजारी ठेवा. h चं पद जुळायला w1 + w2 = 1 हवं. h² चं पद जुळायला w2·a = 1/2 आणि w2·b = 1/2 हवं. f_t आणि f·f_y वेगवेगळे जुळवावे लागतात, कारण पद्धत कुठल्याही f साठी चालायला हवी.

अज्ञातं चार आणि अटी तीन, त्यामुळे एक निवड आपल्या हाती राहते. w1 = 0 घेतलं की w2 = 1 आणि a = b = 1/2, ही झाली मध्यबिंदू पद्धत. कार्ल रुंगे यांच्या १८९५ च्या लेखात ती आहे. दोन्ही वजनं अर्धी घेतली तर a = b = 1 येतं आणि ती ह्यूनची पद्धत होते. w1 = 1 मात्र घेता येत नाही, कारण मग w2 शून्य होतो आणि पुढच्या दोन अटी मोडतात. ऑयलरची पद्धत मागे पडते ती नेमकी इथे.

उरलेली निवड वापरून h³ चं पदही जुळवता येईल का, असं साहजिकच वाटतं. नाही येत. y' = y हे साधं समीकरण घ्या. त्यात k2 = y + b h y, म्हणजे y_new मध्ये h² च्या पुढचं पद येतच नाही. खऱ्या उत्तरात मात्र h³/6 हे पद आहे. सहगुणक काहीही घ्या, दोन उतार तिथवर पोहोचत नाहीत.

एका पायरीची चूक h³ ची असेल, तर शेवटच्या उत्तरातली चूक h² ची का म्हणतात? मधला एक h कुठे गेला?

पायऱ्यांच्या संख्येत. y' = y, y(0) = 1 हेच उदाहरण t = 1 पर्यंत नेऊ. t पाशी टाकलेल्या पायरीत साधारण (h³/6)·eᵗ एवढी चूक होते. ती तिथेच थांबत नाही. समीकरण तिला पुढे ओढत नेतं आणि t = 1 येईपर्यंत ती e¹⁻ᵗ पट वाढते. गुणाकार केला की e·h³/6 उरतं, म्हणजे t उडून जातो: लवकर झालेली चूक लहान असते पण जास्त वाढते, उशिरा झालेली मोठी असते पण तिला वाढायला वेळ मिळत नाही. प्रत्येक पायरीचा वाटा सारखाच. पायऱ्या 1/h, म्हणून एकूण चूक e·h²/6. सगळ्याच समीकरणांत वाटे असे सारखे येत नाहीत, पण पायऱ्यांची संख्या एक h खाते हे सगळीकडे खरं.

आता आकडे बघा. खरं उत्तर २.७१८२८२. पायरी ०.१ घेतली तर पद्धत २.७१४०८१ देते, चूक ०.००४२०. पायरी ०.०५ ला चूक ०.००१०९ आणि ०.०२५ ला ०.०००२७८. पायरी अर्धी केली की चूक आधी ३.८५ पट आणि नंतर ३.९३ पट कमी झाली. नेमकी चार पट नाही, कारण h³ चं पुढचं पद अजून थोडं शिल्लक आहे. पायरी लहान होत जाईल तसं हे गुणोत्तर चारकडे सरकतं. ऑयलरची चूक ०.१ ला ०.१२४५ आणि ०.०५ ला ०.०६५०, म्हणजे जेमतेम अर्धी होते.

माझा प्रोग्रॅम y' = y वर अगदी बरोबर चालतो. पण दुसऱ्या समीकरणावर पायरी अर्धी केली की चूकही अर्धीच होते, चौथाई नाही. कोड तर तोच आहे!

बहुधा k2 काढताना y पुढे नेलात आणि t मागेच राहिला: t + h/2 ऐवजी नुसता t. ही चूक मीही केली आहे, आणि दोन दिवस भलतीकडेच शोधत बसलो होतो. y' = y मध्ये t येतच नाही, त्यामुळे ती तिथे दिसणं शक्यच नाही.

पकडायची असेल तर y' = 2t, y(0) = 0 चालवून बघा. t = 1 ला उत्तर १ यायला हवं आणि बरोबर कोड कुठल्याही पायरीला तेच देतो. t मागे राहिला असेल तर 1 − h येतं: पायरी ०.१ ला ०.९, ०.०५ ला ०.९५. वरच्या हिशेबात याचा अर्थ a = 0, म्हणजे w2·a = 1/2 ही अट मोडली आणि f_t चं पद जुळलंच नाही.

कोड बरोबर निघाला, तर f कडे बघा. त्यात कुठे if असेल किंवा मूल्य अचानक उडी घेत असेल, तर त्या जागी टेलर श्रेणीच लागू होत नाही. उडी t च्या ठराविक जागी असेल तर पायरी बरोबर तिथे संपेल अशी आखा.

y' = −50y सोडवताना पायरी 0.05 घेतली. उत्तर शून्याकडे जायला हवं, माझं फुगत चाललंय.

इथे एका पायरीत y ला 1 + z + z²/2 ने गुणलं जातं, z = −50h. तुमच्या पायरीला z = −2.5 आणि गुणक १.६२५. वीस पायऱ्यांत १ चे सोळा हजारांवर होतात. पायरी ०.०४ ला गुणक बरोबर १ येतो, म्हणजे उत्तर जागचं हलत नाही. त्याहून लहान पायरीला ते घटू लागतं. ही मर्यादा ऑयलरच्या पद्धतीलाही हीच आहे. दुसरा उतार काढून अचूकता वाढली, पायरी मोठी घ्यायची मुभा नाही मिळाली.

शिवाय हा गुणक अर्ध्याच्या खाली कधीच जात नाही, त्याची सर्वांत लहान किंमत z = −1 ला १/२ आहे. खरं उत्तर तिथे ०.३६८ पटीवर आलेलं असतं. म्हणून ०.०३९ वर थांबू नका: उत्तर फुगणार नाही, पण खऱ्यापेक्षा फार हळू घटेल. पायरी ०.०१ किंवा त्याहून लहान घ्या.