मिरचीचा खकाणा एकच, मग एकीला शिंक आणि दुसरीला ठसका का?

प्रश्न : "घरी शेंगाची चटणी कुटायला घेतली की मला शिंकांवर शिंका येतात, पण शेजारी बसलेल्या सासूबाईंना मात्र ठसका लागतो. मिरची तीच, मग असे का? शिंकेच्या आणि खोकल्याच्या नसा वेगळ्या असतात का, आणि शरीराला दोन्ही कशाला लागतात?"

होय, नसा वेगळ्या आहेत. खकाणा कुठे जाऊन बसला, यावर शिंक येणार की ठसका लागणार हे ठरते. मी सोलापुरात कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून काम करते. उखळात चटणी कुटण्याचे दिवस अनेक घरांतून गेले असले, तरी मिरची कांडून आणण्याच्या हंगामात अशा तक्रारी दवाखान्यात हमखास येतात. बहुधा तुम्ही उखळावर वाकून, तोंड मिटून नाकाने श्वास घेत असता, त्यामुळे जाडसर कण नाकातच अडकतात. सासूबाई बोलत असतील किंवा त्यांचे नाक चोंदलेले असेल, तर श्वास तोंडावाटे आत जातो, नाकाची चाळणी चुकते आणि तोच खकाणा थेट स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो.

मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य नसांच्या टोकांवरील एक विशिष्ट प्रथिनाचे दार उघडते. हे दार खरे तर भाजण्याइतकी उष्णता ओळखण्यासाठी आहे, म्हणूनच मिरची 'जळते' असे आपल्याला वाटते. डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे दार १९९७ मध्ये शोधून काढले आणि २०२१ च्या नोबेल पुरस्कारात या कामाचा वाटा होता. तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, असेच दार नाकातल्या नसेवरही असते आणि घशाखालच्या नसेवरही असते. म्हणजे दोन्हीकडे चिथावणी सारखीच असते आणि फरक पडतो तो निरोप कोणत्या नसेने वर गेला यामुळे.

नाकाच्या अस्तरात ट्रायजेमिनल नसेच्या शाखा पसरलेल्या असतात. मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ही पाचवी, आणि चेहऱ्याच्या संवेदना हीच वाहून नेते. तिचा निरोप मेंदूच्या देठाच्या सर्वांत खालच्या भागात, म्हणजे मेड्युलामध्ये जातो. तिथे चिथावणी हळूहळू साठत जाते आणि एका मर्यादेपलीकडे गेली की मगच शिंक सुटते. शिंक अगदी आली आली म्हणताना परत फिरते, ती साठा त्या मर्यादेच्या अलीकडेच राहिल्यामुळे. एकदा मर्यादा ओलांडली, की मेड्युलाकडून अनेक हुकूम जवळजवळ एकाच वेळी सुटतात. चेहऱ्याच्या नसेतील काही तंतू डोळ्यांत पाणी आणतात आणि नाकाला पाणी सोडायला लावतात, पापण्या मिटतात, मानेतून निघणारी फ्रेनिक नस श्वासपटलाला खोल श्वास घ्यायला लावते आणि पाठोपाठ छातीचे व पोटाचे स्नायू आवळले जातात. त्या क्षणी मऊ टाळू आणि पडजीभ खाली झुकते, त्यामुळे हवेचा मोठा झोत नाकातून बाहेर पडतो. नाकात आधी सुटलेले पाणी आणि मागून येणारा वारा, या दोन्हींनी मिळून नाक धुतले जाते.

खोकल्याची नस म्हणजे व्हेगस, त्या बारा जोड्यांपैकी दहावी. स्वरतंतूंच्या वरच्या भागाची खबर तिची एक शाखा नेते, खालच्या भागाची दुसरी, आणि श्वासनलिका जिथे दुभंगून दोन फुप्फुसांकडे जाते त्या फाट्याची खबर फुप्फुसाकडच्या शाखा नेतात. स्वरयंत्र आणि हा फाटा या दोन जागा सर्वांत हळव्या असतात. इथल्या नसांची टोके दोन प्रकारची असतात, आणि हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे म्हणून थोडा थांबून सांगते. एक प्रकार बारीक, सावकाश निरोप नेणाऱ्या तंतूंचा. धूर, खाट आणि मिरची यांना ओळखणारे दार यांच्यावर असते. दुसरा प्रकार स्पर्शाचा. एखादा कण अस्तराला घासून जाताच तो तत्काळ कळवतो. परंतु हा दुसरा प्रकार बदलाचीच खबर देतो आणि वस्तू एकाच जागी स्थिर बसून राहिली, तर थोड्याच वेळात गप्प होतो.

व्हेगसचा निरोप मेड्युलात पोहोचल्यावर जे घडते ते तीन पायऱ्यांत घडते. आधी एक खोल श्वास आत घेतला जातो. मग स्वरतंतू घट्ट मिटतात आणि बंद दारामागे छातीचे व पोटाचे स्नायू सुमारे ०.२ सेकंद जोर लावतात. एवढ्या वेळात आतला दाब पाऱ्याच्या १०० मिलिमीटरच्या वर जातो, म्हणजे बीपी मोजताना आपण वरचा जो आकडा ऐकतो, साधारण त्या घरात. मग स्वरतंतू एकदम उघडतात. शिंकेत हे दार असे घट्ट लावून घेण्याची पायरी नसते, आणि ठसक्याचा तो 'खक्' आवाज मुख्यतः या दाराच्या अचानक उघडण्याचा असतो. याच वेळी श्वासनलिकेची मागची, कूर्चा नसलेली मऊ भिंत आत दबते आणि नळी अरुंद होते. अंगणात पाणी मारताना पाइपचे तोंड अंगठ्याने दाबले की धार लांब जाते, तसाच अरुंद झालेल्या नळीतून हवेचा वेग वाढतो आणि चिकट बेडका भिंतीपासून सुटतो.

आता दोन्ही का लागतात ते पाहू. नाकात अडकलेला कण बाहेर काढायला झोत नाकातूनच जायला हवा, आणि श्वासनलिकेतला काढायला दाब स्वरतंतूंच्या खाली तयार व्हायला हवा. एकाच क्रियेने ही दोन्ही कामे साधणार नाहीत. खोकल्याची हद्दही मर्यादित आहे. फुप्फुसाच्या अगदी बारीक नळ्यांत हवेला असा वेग मिळतच नाही; तिथला कफ सूक्ष्म केसांसारखे तंतू हळूहळू वर सरकवतात आणि तो मोठ्या नळ्यांत आल्यावरच खोकला त्याला उचलू शकतो.

मेंदू जागा पाहत नाही, नस पाहतो, याचा एक पुरावा माझ्या खुर्चीत अनेकदा दिसतो. व्हेगसची एक छोटी शाखा कानाच्या नळीच्या कातडीलाही जाते. कानातला मळ काढताना माझे अवजार तिला लागले, की काही जणांना घशात काहीही नसताना कोरडा ठसका लागतो.

आता सोलापूरकरांना आवर्जून सांगावे असे एक उदाहरण. घरात शेंगा फोडत बसलेले असतात आणि दोन वर्षांचे मूल पळता पळता दाणे तोंडात टाकते. एका मुलाच्या बाबतीत असेच झाले. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून लिहिते. त्याला एकदम जोराचा ठसका लागला, चेहरा लालबुंद झाला, दोन-तीन मिनिटे जीव घाबरा झाला आणि मग तो शांत होऊन पुन्हा खेळू लागला. दाणा निघाला असे समजून घरच्यांनी विषय सोडून दिला. आठ दिवसांनी ताप आणि खोकला आला, औषधाने उतरला, औषध संपल्यावर पुन्हा आला. माझ्याकडे आला तेव्हा छाती तपासताना उजव्या बाजूला हवा कमी जात होती आणि त्याच बाजूला सूं असा आवाज होता. दोन्ही बाजूंना आवाज असता तर दम्याचा किंवा सर्दीचा विचार आधी केला असता. एकाच बाजूचा आवाज ऐकला, की मी घरच्यांना खाण्याबद्दल विचारते. त्या दिवसाचा ठसका आजीला आठवला.

तो शांत का झाला, याचे उत्तर वरच्या दोन प्रकारच्या टोकांत आहे. दाणा स्वरयंत्रातून आणि फाट्यावरून जात होता तोवर स्पर्शाची टोके ओरडत होती. तो उजव्या मुख्य नळीत जाऊन रुतला आणि स्थिर झाला, तशी तीही गप्प झाली. उजवी नळी डावीपेक्षा रुंद आणि अधिक सरळ उतरत असल्यामुळे वस्तू बहुधा तिकडेच जाते. खोकला दाण्याला बाहेरही काढू शकत नव्हता, कारण श्वास घेताना नळी रुंदावून दाण्याच्या कडेने हवा आत जात होती, पण बाहेर सोडताना, आणि खोकताना तर अधिकच, नळी दाण्याभोवती आवळली जात होती. जे अरुंद होणे बेडका सोडवते, तेच इथे दाण्याला धरून ठेवत होते. एक्स-रेवर शेंगदाणा दिसत नाही. श्वास सोडलेल्या अवस्थेत घेतलेल्या फोटोत मात्र डावे फुप्फुस आकसलेले आणि उजवे फुगलेलेच दिसले, त्यावरून अडकलेली हवा कळली.

भूल देऊन दुर्बिणीने पाहिले तेव्हा अर्धा दाणा पाणी शोषून फुगलेला होता आणि त्याच्या तेलामुळे भोवतालचे अस्तर लाल होऊन सुजले होते. तो चिमट्याने काढावा लागला.

म्हणून मूल जोरात खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे आणि तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, कारण त्या क्षणी त्याचा स्वतःचा खोकला आपल्या कोणत्याही उपायापेक्षा चांगला असतो. आवाजच फुटत नसेल, रडता येत नसेल किंवा ओठ निळे पडत असतील, तर मात्र एकाने ताबडतोब १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने त्याला पुढे वाकवून खांद्यांच्या मध्ये तळहाताने जोरात पाच थपका द्याव्यात. त्याने वस्तू निघाली नाही, तर एक वर्षावरील मुलाला मागून धरून बेंबीच्या वर पाच वेळा आत-वर दाब द्यावा. एक वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये, छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. आणि खाताना लागलेला जोराचा ठसका आपोआप थांबला, तरी त्याच दिवशी मुलाला दाखवून आणावे. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे दाणे देऊ नयेत; दाण्याचे कूट घालावे.

त्या मुलाला दाणा काढल्यानंतर संध्याकाळी पाहायला गेले, तेव्हा तो आईच्या मांडीवर बसून ओला खोकला काढत होता. आई घाबरली होती. मी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर उजवीकडे हवा खालपर्यंत जात होती. दाण्याच्या मागे इतके दिवस साठलेला कफ आता त्याचा खोकला स्वतःच वर आणत होता.